वळणाऱ्या रेघेचं काम: आर्ट नुव्हो पोस्टरात, दागिन्यात आणि घरात

वेली, फुलं आणि लांबसडक केसांच्या बायका, एवढ्या तीन गोष्टींवरून बहुतेक जण आर्ट नुव्हो ओळखतात. साधारण 1890 ते 1910 या काळात युरोपात पसरलेली ही शैली. ब्रसेल्स आणि पॅरिस ही तिची मोठी केंद्रं, पण म्युनिक, व्हिएन्ना, बार्सिलोना अशा गावागावांत ती वेगवेगळ्या नावांनी आणि थोड्या वेगळ्या चेहऱ्यांनी वावरली. केवळ फुलापानांवरून ओळखायला गेलं तर मात्र घोटाळा होतो, कारण फुलंपानं कुठल्या काळात नव्हती? ग्रीक खांबांवर पानं आहेत, मुघल जाळ्यांत वेली आहेत, पैठणीच्या पदरावर तर अख्खी बाग आहे. मग आर्ट नुव्होचं वेगळेपण कशात? माझ्या मते ते रेघेत आहे, आणि रेघेच्या दिसण्यापेक्षाही ती तिथे कुठलं काम करते यात आहे. तीच रेघ कागदावर, सोन्यात आणि लोखंडात कशी वावरते ते तीन उदाहरणांतून पाहू. त्याआधी तिची ओळख करून घेऊ.

म्युनिकमध्ये हर्मान ओब्रिस्ट नावाच्या कलाकाराचा 1895 च्या सुमाराचा एक भरतकामाचा पडदा आहे. त्यावर सायक्लॅमेन नावाच्या फुलझाडाचं एकच रोप आहे, मुळापासून कळीपर्यंत. त्याचा देठ सरळ वर जात नाही. तो लांबवर धावतो, अचानक वळतो, स्वतःवरच उलटा येतो आणि पुन्हा सुटतो. हा पडदा पाहून एका समीक्षकाला चाबकाचा फटकारा आठवला आणि तेव्हापासून या रेघेला चाबकाची रेघ म्हणायची पद्धत पडली.

ती ओळखायची कशी? कंपासनं काढलेला कंस सगळीकडे सारखाच वाकलेला असतो. चाबकाची रेघ तशी नसते. ती सुरुवातीला जवळजवळ सरळ असते, हळूहळू वाकत जाते आणि शेवटाकडे एकदम घट्ट वळण घेऊन उलटते. बऱ्याचदा तिची जाडीही बदलते, बुडाशी भरीव आणि टोकाला बारीक. शिवाय ती डावी-उजवी सारखी नसते. पैठणीच्या काठावरची वेल ठरावीक अंतरावर तीच ती येते, तिचा आनंदच पुनरावृत्तीत आहे. चाबकाच्या रेघेत पुढचं वळण कुठे येईल याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणूनच ती स्थिर असूनही हलल्यासारखी वाटते.

ही रेघ वनस्पतींकडून आली हे उघड आहे, पण कलाकारांनी झाड जसंच्या तसं उतरवलं नाही. आधी खऱ्या रोपाचा अभ्यास व्हायचा. पान देठाला कुठे जुळतं, कळी कशी उघडते, तणावा कुठे वळतो. मग त्यातली छाया-प्रकाशाची खोली काढून टाकून फक्त कडा ठेवायच्या आणि त्या कडांपासून नक्षी बांधायची. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या अजेन ग्रासे यांनी 1896 मध्ये याच पद्धतीवर मोठा चित्रसंग्रह काढला. त्यात आधी खरं झाड आणि मग त्यापासून काढलेल्या काचेच्या, कापडाच्या, धातूच्या नक्ष्या असा क्रम आहे. खोली काढून टाकण्याची ही सवय मोठ्या प्रमाणात जपानी छापचित्रांनी लावली. 1850 च्या दशकात जपानची बंदरं परदेशी व्यापाराला खुली झाल्यावर ही चित्रं ढिगानं युरोपात आली. सपाट रंग, ठळक कड आणि मध्येच कापलेली फांदी हे युरोपीय डोळ्यांना नवं होतं. झिगफ्रीड बिंग हा जपानी वस्तूंचा पॅरिसमधला व्यापारी. त्यानं डिसेंबर 1895 मध्ये नवं दालन उघडलं आणि त्याला 'नवी कला' असं नाव दिलं. आर्ट नुव्हो हे फ्रेंच नाव त्या दालनामुळे सर्वतोमुखी झालं.

आता कागदाकडे येऊ. 1 जानेवारी 1895 ला पॅरिसच्या भिंतींवर 'जिस्मोंदा' या नाटकाचं पोस्टर लागलं. नटी सारा बर्नार, चित्रकार आल्फोन्स मुखा. मुखा मोरावियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. तोवर तो पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरत होता. नाताळच्या दिवसांत छापखान्यात दुसरा कुणी चित्रकार हजर नव्हता म्हणून हे काम त्याच्याकडे आलं, अशी हकीकत सांगितली जाते. पोस्टर माणसापेक्षा उंच, दोन मीटरच्या वर, आणि रुंदीला जेमतेम पाऊण मीटर. हातात ताडाची झावळी घेतलेली बर्नार त्यात पूर्ण उंचीनं उभी आहे. रंग फिके आणि सोनेरी. बाकीच्या भडक जाहिरातींच्या गर्दीत ते उठून दिसलं आणि बर्नारनं मुखाला सहा वर्षांसाठी बांधून घेतलं.

पण चाबकाची रेघ पाहायची असेल तर मुखाचं 1896 चं 'जॉब' या सिगारेटच्या कागदाचं पोस्टर जास्त बोलकं आहे. डोळे मिटत आलेली एक बाई, बोटांत सिगारेट, आणि तिचे केस. कुठल्याही बाईचे केस असे नसतात. वेटोळ्यांनी ते अर्धं पोस्टर व्यापतात आणि चौकटीवरूनही बाहेर पडतात. मुखाच्या चेष्टेखोर टीकाकारांनी या केसांना शेवया म्हटलं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच अन्यायाचं नव्हतं.

या केसांच्या कडा इतक्या जाड का? यात आवडीचा भाग आहेच, पण छपाईचाही आहे. ही पोस्टरं शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, डिंक आणि सौम्य आम्लानं ते पक्कं करायचं, मग शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते आणि तोच कागद एकामागून एक सगळ्या शिळांवरून जातो. हा कागद दरवेळी नेमक्या त्याच जागी बसवणं हे छापणाऱ्याचं कसब. तो केसभर जरी सरकला तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. गडद, जाड कडेची रेघ बहुधा शेवटी छापली जाते आणि नेमका हा सांधा झाकते. मुखाच्या आकृतीची बाहेरची कड जाड असते आणि आतल्या घड्या, नाक, पापण्या यांच्या रेघा बारीक. त्यामुळे आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होऊन रस्त्यापलीकडून वाचता येते आणि सपाट रंग चिखल न होता आपापल्या जागी राहतात. कागदावरच्या रेघेचं काम हेच, रंगांना कुंपण घालण्याचं.

याच शिळाछापाचं अगदी उलटं रूप त्याच वेळी आपल्याकडे घडत होतं. 1894 मध्ये मुंबईत रविवर्मा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तंत्र तेच, पण तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापांना तैलचित्रासारखं दिसायचं होतं. म्हणून पुष्कळ शिळा वापरून, बारीक ठिपक्यांनी रंग एकमेकांत विरघळवले जात. कडेची रेघ जितकी लपेल तितकी चांगली. मुखानं ती उघड केली. जुना रविवर्मा छाप आणि मुखाचं पोस्टर शेजारी ठेवून पाहिलं तर हा फरक दोन मिनिटांत कळतो.

दागिन्यात मात्र ही रेघ चुकली की नुसती फट दिसून भागत नाही, दागिनाच फुटतो. दागिने घडवणारा रने लालिक हा मुखाच्याच वयाचा, दोघांचाही जन्म 1860 चा. त्याच्या काळात श्रीमंती दागिना म्हणजे हिऱ्यांची रास आणि सोनं म्हणजे हिरे धरून ठेवायचं साधन. लालिकनं शिंग, काच, मीना, अर्धपारदर्शक खडे अशा स्वस्त वस्तू घेतल्या आणि त्यांच्यावर कारागिरी ओतली. त्यानं 1897-98 च्या सुमारास केलेला, चतुर या कीटकाच्या रूपातला दागिना आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. चोळीवर समोर लावायचा हा दागिना पंख पसरून सव्वीस सेंटिमीटरच्या वर रुंद आहे. म्हणजे तो लावणारीची छाती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकणार. कीटकाच्या तोंडातून हिरव्या खड्यात कोरलेली बाई कमरेपर्यंत बाहेर आली आहे. तो तिला गिळतोय की तीच त्याच्यातून जन्मतेय, हे ठरवता येत नाही. समोर सोन्याचे नखाळ पंजे आहेत. सुंदर म्हणावं की किळसवाणं, असा प्रश्न पडतो आणि लालिकला तो पडायलाच हवा होता.

आपल्याला पाहायचे आहेत ते त्याचे पंख. ते पारदर्शक आहेत, त्यांच्यातून उजेड आरपार जातो. आपल्या ओळखीच्या जयपुरी मीनाकारीत रंगीत मीन्याखाली सोन्याचांदीचा पत्रा असतो, मीना त्यावर बसतो. लालिकच्या पंखांना पाठच नाही. सोन्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी करायची, तिच्या मागे तात्पुरता तांब्याचा पातळ पत्रा किंवा अभ्रक लावायचा, खणाखणात काचेची ओली पूड भरायची आणि साधारण 750 ते 850 अंश सेल्सियसच्या भट्टीत ती वितळवायची. काच थंड होताना आक्रसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची, असं अनेकदा. शेवटी मागचा पत्रा आम्लात विरघळवून काढायचा. उरते ती फक्त खणांच्या कडांना धरून राहिलेली काच.

इथे गडबड व्हायला पुष्कळ जागा आहे. काच आणि सोनं तापताना, निवताना सारख्या प्रमाणात वाढत-आक्रसत नाहीत. खण मोठा झाला की मधली काच ताणानं तडकते, किंवा वितळलेली असतानाच ओघळून खाली पडते. धारदार कोपरा असेल तर तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. म्हणून खण लहान हवेत आणि त्यांच्या कडा गोलसर, वळत्या हव्यात. चतुराचा पंख पाहा, निसर्गानं तो तसाच बांधलेला असतो. पातळ पापुद्रा आणि त्याला लहान लहान खणांत वाटणाऱ्या शिरा. लालिकनं चतुर निवडला तो केवळ फॅशन म्हणून नव्हे असं मला वाटतं. त्याच्या तंत्राला जी जाळी लागत होती ती या कीटकाच्या अंगावर तयार होती. त्यामुळे पंखावरच्या शिरांची नक्षी हीच काच धरून ठेवणारी बांधणी आहे, त्यातली रेघ काढली तर पंख गळून पडेल. शिवाय हे पंख बिजागरीवर हलतात. एवढा मोठा ताठ दागिना अंगाबरोबर वळला नसता तर पहिल्याच वाकण्यात मीना फुटला असता.

याच काळात अशा नक्षीचे स्वस्त बकल आणि पिना ठशानं छापून हजारोंनी निघाल्या. ओळखायची सोपी खूण म्हणजे वस्तू उजेडासमोर धरायची. बिनपाठीच्या मीन्यातून प्रकाश आरपार येतो आणि कडेची पट्टी दोन्ही बाजूंनी दिसते. स्वस्त नकलेत शिरा पत्र्यावर उठवलेल्या असतात आणि मागे नुसताच पत्रा. तिथे रेघ काहीही धरून ठेवत नाही.

आता ब्रसेल्सला, 6, रू पॉल-एमिल जान्सन या पत्त्यावर. एमिल तासेल या भूमितीच्या प्राध्यापकासाठी व्हिक्टर ओर्ता या वास्तुकारानं 1893 च्या सुमारास हे घर बांधलं. जागतिक वारशात ओर्ताची जी चार घरं आहेत त्यातलं हे एक. बाहेरून ते ओळीतल्या शेजाऱ्यांहून फार आरडाओरडा करत नाही. लक्षपूर्वक पाहिलं तर मधल्या खिडकीत उघडे लोखंडी खांब दिसतात, एवढंच.

ओर्तासमोरची अडचण अगदी व्यवहारी होती. प्लॉट आठ मीटरही रुंद नाही, पण मागे खोल गेलेला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. ब्रसेल्सच्या अशा घरांचा ठरलेला नकाशा म्हणजे एका बाजूनं बोळ आणि त्याला लागून एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीला रस्त्याचा उजेड, मागच्या खोलीला बागेचा, आणि मधली खोली दिवसाही अंधारी. पुण्या-मुंबईच्या जुन्या चाळीत राहिलेल्यांना ही मधली खोली समजावून सांगायला नको.

ओर्तानं घराचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग केले आणि अंधाऱ्या मधल्या भागात जिना घातला, वर काचेचं छप्पर. उजेड आता घराच्या पोटात पडायला लागला. पण तो खोल्यांपर्यंत पोचायचा तर मध्ये भिंती नकोत, आणि भिंती नाहीत तर वजन कोण पेलणार? विटांचे किंवा दगडाचे खांब उभे केले असते तर त्यांनीच उजेड अडवला असता. लोखंडाचा खांब तेवढंच वजन कितीतरी कमी जाडीत पेलतो. त्या वेळी लोखंड कारखान्यात, रेल्वे स्टेशनात, पुलात वापरलं जाई. राहत्या घरात ते वापरलं तरी प्लास्टरखाली लपवलं जाई. ओर्तानं जिन्याजवळ ते उघडं ठेवलं. सडपातळ खांब वर जातो आणि तुळईला भिडण्याआधी त्यातून लोखंडी पट्ट्या तणाव्यांसारख्या फुटतात. मग त्याच वळणाची रेघ जिन्याच्या कठड्यात उतरते, भिंतीवर रंगात येते, पायाखालच्या मोझेकमध्ये पसरते. खांब लोखंडी देठ आणि बाकी सगळं त्याचा वेल. फूल-पान टाकून आपण फक्त देठ घेतो, अशा अर्थाचं ओर्ताचं एक बोलणं सांगितलं जातं. या जिन्यात ते डोळ्यांना दिसतं.

इथे थोडं कडक व्हायला हवं. ओर्ताच्या खांबावरच्या सगळ्याच पट्ट्या वजन पेलतात असं नाही. भार जातो तो मधल्या देठातून. त्यातून फुटणाऱ्या बारीक पट्ट्यांचं मुख्य काम डोळ्याला खांबाकडून तुळईकडे नेण्याचं आहे. दगडी खांबाच्या माथ्यावर पूर्वी कोरीव पानं असायची, त्यांच्या जागी इथे वाकवलेलं लोखंड आलं. पण ते आलं खांब आणि तुळई यांच्या सांध्यावर, जिथे वजन एकाकडून दुसऱ्याकडे जातं. एखादी इमारत आर्ट नुव्हो आहे का असा प्रश्न पडला की मी हीच जागा पाहतो. वळण सांध्यातून उगवलंय की सपाट भिंतीवर प्लास्टरनं चिकटवलंय? युरोपातल्या अनेक शहरांत दुसऱ्या प्रकारची घरं रग्गड आहेत. आतला नकाशा जुनाच, मधली खोली तशीच अंधारी, आणि दर्शनी भिंतीवर बाईचं डोकं आणि कमळं.

लोखंडाचं दुसरं अंग पॅरिसमध्ये दिसतं. 1900 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि तिच्या प्रवेशद्वारांचं काम एक्तोर गिमारकडे आलं. ओर्ताचं घर एकाच गिऱ्हाइकासाठी एकदाच बांधलेलं होतं. गिमारला तीच वस्तू शहरभर, झटपट आणि परवडेल अशी हवी होती. त्यानं ओतीव लोखंड निवडलं. वाळूच्या साच्यात ओतायचं म्हटलं की एकदा नमुना तयार झाल्यावर सरळ खांब काय आणि वळणारा खांब काय, पुढचा प्रत्येक नग ओतायचा खर्च जवळजवळ सारखाच. त्यामुळे गिमारची वळणं महागडी चैन ठरली नाहीत. कठड्याच्या ढाली, खांब, दिव्यांचे देठ हे सुटे भाग होते आणि जिन्याच्या लांबीप्रमाणे ते कमीजास्त जोडले जात. दोन बाजूंनी दोन देठ उगवतात, वर वाकतात आणि टोकाला कळीसारखा नारिंगी-लाल दिवा. सगळं हिरव्या रंगात, जुन्या काशाची झाक यावी म्हणून. यातली ऐंशीहून जास्त द्वारं अजून उभी आहेत. काचेचं छप्पर असलेलं देखणं द्वार पाहायचं तर पोर्त दोफिन स्टेशनला जावं.

लाकडात मात्र हीच रेघ अडखळते. लाकडाची ताकद तंतूंच्या दिशेनं असते. सरळ फळीतून खुर्चीचा चाबकासारखा वळलेला पाय कापून काढला की वळणाच्या जागी तंतू आडवे तुटतात आणि पाय नेमका तिथेच मोडतो. मग कारागीर पाय जाड करतो आणि रेघेची चपळाई जाते. आर्ट नुव्होच्या बऱ्याच खुर्च्या चित्रात हलक्या आणि प्रत्यक्षात जडशीळ वाटतात, त्यामागे हे एक कारण आहे.

ही शैली वीसेक वर्षांत ओसरली. चांगलं काम हातानं करावं लागे आणि महाग पडे, आणि स्वस्त नकला इतक्या झाल्या की वळणारी रेघ बघून लोक कंटाळले. पुढे आलेल्या आर्ट डेकोशी तिची अनेकदा गल्लत होते. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती त्या पुढच्या शैलीच्या. तिथे गोल केलेले कोपरे आहेत, पण ते कंपासनं काढलेले, सगळीकडे सारखे वाकलेले. बाल्कन्यांच्या आडव्या पट्ट्या, पायऱ्यापायऱ्यांचे आकार, सारखी डावी-उजवी बाजू. खुद्द ओर्ताही पहिल्या महायुद्धानंतर तिकडेच वळला. 1920 च्या दशकात त्यानं ब्रसेल्सला ललित कलांचं मोठं भवन बांधलं, काँक्रीटचा सांगाडा आणि सरळ, भौमितिक रेषा. लालिकनं दागिने सोडून साच्यातल्या काचेचा कारखाना चालवला. आणि ओर्तानं ब्रसेल्समध्ये समाजवादी पक्षासाठी बांधलेलं, 1899 मध्ये पुरं झालेलं लोखंड-काचेचं लोकगृह 1965 मध्ये पाडून त्या जागी उंच इमारत उभी करण्यात आली.